खात्यात पैसे आहेत, तरी चेक परत

साठीच्या पुढच्या अनेकांचं असं होतं. सोसायटीच्या मेंटेनन्सचा चेक परत येतो, मागोमाग विम्याच्या हप्त्याचाही. खात्यात पैसे असतात, पण मेमोवर कारण लिहिलेलं असतं, ‘ड्रॉवर्स सिग्नेचर डिफर्स’. म्हणजे चेकवरची सही बँकेतल्या नमुना सहीशी जुळली नाही.

आता चेक कागदाच्या रूपात आपल्या बँकेपर्यंत जातच नाही. सीटीएस पद्धतीत त्याचं स्कॅन केलेलं चित्र जातं आणि तिथला कर्मचारी पडद्यावर दोन सह्या शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहतो. पूर्वी शाखेतला कारकून खातेदाराला ओळखायचा, शंका आली तर फोन करायचा. आज सही ताडणारा माणूस कदाचित दुसऱ्याच शहरात बसलेला असतो आणि त्याच्यासमोर असते ती वीस-पंचवीस वर्षांपूर्वी, खातं उघडताना केलेली सही. तेव्हा पूर्ण नाव लिहिलेलं असतं. आता हात थरथरतो, आडनाव आखडतं, शेवटची रेघ येतच नाही.

अशा वेळी जुनी सही गिरवायचा प्रयत्न करू नये. गिरवलेली सही अडखळत येते आणि संशय वाढतो. पासबुक, पॅन आणि आधार घेऊन शक्यतो आपल्या मूळ शाखेत जावं आणि सही बदलण्याचा अर्ज मागावा. जुनी सही जमली तर तीही करून दाखवावी. नाही जमली तर तसं सांगावं, अधिकारी कागदपत्रांवरून ओळख पटवतो. नवी सही अधिकाऱ्यासमोरच करायची असते. रोज सहज येते तीच करावी, कारण पुढे प्रत्येक चेकवर तीच करायची आहे. संयुक्त खातं, मुदत ठेव आणि लॉकर यांच्या सह्याही बदलायच्या का, हे त्याच खिडकीवर विचारावं.

फसगत होते ती यानंतर. समजा, आजीबाईंनी सोसायटीला पुढच्या तारखांचे सहा चेक जुन्या सहीने देऊन ठेवलेत. नवी सही नोंदली की जुन्या सहीचे ते चेक परत येऊ शकतात. म्हणून आधी ते मागे घ्यावेत आणि नवी सही सिस्टीमवर चढल्याची शाखेत खात्री करून मगच दुसरे द्यावेत.

परत आलेल्या चेकचे पैसे मात्र लगेच दुसऱ्या मार्गाने चुकते करावेत. सही न जुळल्यामुळे परत आलेला चेकही कलम १३८ खाली येऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं आहे. देणं असेल आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर फौजदारी तक्रार होऊ शकते.

आणि हात सहीसाठी चालतच नसेल, तर अंगठ्याच्या ठशावर पैसे काढण्याची सोय बँकेत आहे. त्याला बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असतो.