बरोबरीच्या विम्याचा हप्ता

इंग्लंडमधल्या फुटबॉल सामन्यासाठी समजा यजमानांच्या विजयाला २.००, बरोबरीला ३.५० आणि पाहुण्यांना ४.०० असा भाव आहे. यजमानांवर १०० पौंड लावले, तर जिंकल्यावर २०० हाती येतात. बरोबरीत सगळे बुडतात.

‘ड्रॉ नो बेट’मध्ये बरोबरी झाली तर पैसे परत मिळतात. हे घरीही जमवता येतं: २८.५७ पौंड बरोबरीवर, उरलेले ७१.४३ यजमानांवर. बरोबरीत १०० परत, विजयात सुमारे १४३. म्हणजे रास्त भाव १.४३. बुकी १.३५ देत असेल, तर तो हप्ता जास्त घेतोय. त्यापेक्षा पैसे स्वतःच विभागावेत.

‘डबल चान्स’मध्ये बरोबरीही विजयच धरली जाते, पण याच भावांनी परतावा जेमतेम १२७. आणि बुकीचं कमिशन मूळ भावातच मुरलेलं असतं, ते कुठल्याच संरक्षणाने सुटत नाही.