शॉर्ट फिल्म तयार आहे, पण ट्रेलर कापायला बसलं की म्युझिक तुटतं, असं का होतं?

फिल्म एडिट झाली, एक्स्पोर्ट झाली, सगळ्यांनी बघून टाळ्याही वाजवल्या. आता इन्स्टावर टाकायला ३० सेकंदांचा ट्रेलर हवा. मग बहुतेक जण काय करतात, तर ती एक्स्पोर्ट केलेली फाइल पुन्हा एडिटिंग ॲपमध्ये टाकतात आणि चांगले चांगले शॉट कापून एकापुढे एक लावतात.

इथंच सगळं फसतं. कारण त्या फाइलमध्ये संवाद, म्युझिक आणि आजूबाजूचे आवाज एकजीव झालेले असतात. तिसऱ्या मिनिटाचा शॉट आठव्या मिनिटाच्या शॉटला जोडला की चित्र जुळतं, पण मागची बासरी मध्येच तुटते आणि भलताच सूर सुरू होतो. बघणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण सगळं कच्चं वाटतं.

त्यामुळे शक्य असेल तर मूळ प्रोजेक्टच उघडायचा. दा विंची रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइनवर राइट क्लिक केलं की Duplicate Timeline मिळतं. कॉपी काढायची आणि तिच्यातला म्युझिकचा ट्रॅक बंद करायचा. आता हातात चित्र आणि स्वच्छ संवाद आहेत. प्रोजेक्ट उडाला असेल तर फाइलमधलं फक्त चित्र घ्यायचं, संवाद मात्र जिथं मागे म्युझिक नाही तिथलेच उचलायचे. अशी दोन वाक्यं मिळाली तरी काम भागतं.

आता एक उदाहरण धरू. समजा, भाईंदर पूर्वेला जेसल पार्कच्या चौपाटीवर आणि मिठागरांत शूट केलेली नऊ मिनिटांची फिल्म आहे. मिठागरातून निवृत्त झालेले वडील रोज संध्याकाळी एक पत्र्याची पेटी घेऊन खाडीकडे जातात. मुलगा त्यांच्या मागावर निघतो. शेवटी पेटी उघडते.

पेटीत काय आहे, हा या ट्रेलरचा एकमेव प्रश्न. मुलाची नोकरी, आईचं आजारपण हे फिल्ममध्ये कितीही छान असलं तरी इथं नको. आणि पेटी उघडलेला शॉट, भले तो कॅमेरामनचा सगळ्यात आवडता असो, टाइमलाइनवर आणायचाच नाही.

काम सुरू करायचं आवाजापासून. आधी संवादाची दोन वाक्यं टाकायची, मग पहिल्यापासून शेवटपर्यंत चालणारं एकच म्युझिक, अर्थात वापरायची परवानगी असलेलं. चित्रं त्यावर बसवायची. पहिले ३ सेकंद फक्त पेटीची कडी आणि तिचा खट्ट आवाज. बॅनरचा लोगो इथं आला की बोट वर सरकलंच म्हणून समजा. तिसऱ्या सेकंदापासून मुलाचा आवाज, "बाबा, या पेटीत नेमकं आहे काय?" पण तेव्हा पडद्यावर मुलगा नको, चिखलाच्या बांधावरून चालणारी वडिलांची पावलं हवीत. मुलाचा चेहरा वाक्य संपता संपता येतो. त्यामुळे दोन वेगळ्या सीनमधला सांधा दिसत नाही.

बाराव्या सेकंदाला खाडीच्या पुलावरून लोकल धडधडत जाते. तिचा आवाज वाढत न्यायचा आणि त्याखाली दहा सेकंदांत आठ-नऊ छोटे शॉट बसवायचे. फिल्ममध्ये जो शॉट आठ सेकंद चालतो, त्यातला हालचाल सुरू होतानाचा एक सेकंदच घ्यायचा आणि हालचाल पूर्ण व्हायच्या आत कापायचा. बाविसाव्या सेकंदाला सगळे आवाज बंद. वडिलांचा हात झाकणावर. तीन सेकंद काहीच नाही. उरलेल्या पाच सेकंदांत नाव आणि तारीख. ही अक्षरं सावकाश दोनदा वाचून होतील इतका वेळ राहिली पाहिजेत.

राहिला उभ्या फ्रेमचा प्रश्न. १९२० बाय १०८० ची आडवी फ्रेम उभी कापली तर रुंदीला जेमतेम ६०८ पिक्सेल उरतात. ते ताणून १०८० केले की चित्र मऊ पडतं. फोरकेमध्ये शूट केलं असेल तर ही अडचण येत नाही. नसेल तर क्लोजअप उभे कापा आणि वाइड शॉट आडवेच ठेवून वर-खाली काळी पट्टी सोडा. संवादाची अक्षरं अगदी तळाला नकोत, तिथं रीलचं कॅप्शन येऊन बसतं.

नव्या यूट्यूब चॅनेलचा ट्रेलर कापताना पद्धत हीच, फक्त प्रश्न बदलतो. तो व्हिडिओ सबस्क्राइब न केलेल्यांना दिसतो, म्हणून इथं रहस्य लपवायचं नाही. चॅनेलवर काय बघायला मिळणार, ते पहिल्या पाच सेकंदांत कळायला हवं.

तयार झालं की फिल्म न पाहिलेल्या एखाद्याला मोबाइलवर, आवाज बंद करून दाखवा आणि विचारा, "काय कळलं?" उत्तर "त्या पेटीत काय होतं रे?" असं आलं तर एक्स्पोर्ट करा. "मस्त शूट केलंय" असं आलं तर बारा ते बावीस सेकंदांमधले दोन-तीन शॉट काढा आणि पेटी पुन्हा एकदा दाखवा.