आराखडा समितीचा, परिपत्रक पालकांचे

समजा, शाळेच्या सांस्कृतिक समितीने मराठी भाषा गौरव दिनाचा दोन पानी आराखडा तयार केला आहे. त्यात कार्यक्रमाचा हेतू आहे, खर्चाचा अंदाज आहे, कामांची वाटणी आहे आणि ‘पाहुणे ठरवणे बाकी’ अशी नोंदही आहे. हाच कागद झेरॉक्स काढून घरोघर पाठवला, तर मुलाला किती वाजता न्यायला यायचे, हे पालकांना शोधत बसावे लागते. त्यामुळे आधी पेन्सिल घेऊन आराखडा वाचावा आणि पालकांना ज्यावर काही करायचे आहे तेवढ्याच ओळींवर खूण करावी. खर्च समितीच्या फाइलमध्येच राहतो. शिक्षकांच्या कामांसाठी वेगळे परिपत्रक निघते. जे ठरलेले नाही, ते छापायचे नाही.

खुणा केलेल्या ओळींतून असा मसुदा होतो :

जा.क्र. : ____/2025-26
दिनांक : 16 फेब्रुवारी 2026

परिपत्रक

प्रति, पालक, इयत्ता 5वी ते 7वी

विषय : मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमासाठी संमतिपत्र देण्याबाबत.

शुक्रवार, दि. 27 फेब्रुवारी 2026 रोजी सकाळी 9 ते 12 या वेळेत शाळेच्या सभागृहात कार्यक्रम होईल. विद्यार्थ्यांनी गणवेशात यावे. सोबतचे संमतिपत्र दि. 20 फेब्रुवारीपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावे. पाल्यास न्यायला दुपारी 12 वाजता यावे.

(सही व शिक्का)
मुख्याध्यापक

प्रत : वर्गशिक्षक, सूचना फलक, कार्यालयीन फाइल

विषयाच्या ओळीत नुसते ‘कार्यक्रमाबाबत’ लिहिले, तर कागद वाचायचा की ठेवून द्यायचा हे कळत नाही. ‘संमतिपत्र देण्याबाबत’ म्हटले की काय करायचे आहे ते पहिल्याच नजरेत समजते.

जावक क्रमांकाची जागा मसुद्यात मुद्दाम रिकामी ठेवली आहे. मुख्याध्यापकांची सही झाली की लिपिक जावक नोंदवहीतला पुढचा क्रमांक घालतात. आधीच क्रमांक घातला आणि मसुदा रद्द झाला, तर नोंदवहीत त्या क्रमांकापुढे कागदच उरत नाही.

‘संदर्भ’ ही ओळ निराळी. ज्या आधीच्या पत्राच्या आधारे आपण लिहितो, त्याचा क्रमांक आणि दिनांक तिथे येतो. असे पत्र नसेल तर ती ओळ गाळावी. मात्र पुढे वेळ बदलली, तर जुन्या कागदावर खाडाखोड न करता शुद्धिपत्रक काढावे. त्याला नवा जावक क्रमांक मिळतो आणि पहिल्या परिपत्रकाचा क्रमांक संदर्भात येतो.

सहीच्या जागी मुख्याध्यापकांचे नाव, पदनाम आणि शाळेचे नाव हवे. सूचना मुख्याध्यापकांच्या अधिकाराने निघते, म्हणून मसुदा समितीप्रमुखांनी केला असला तरी सही त्यांची चालत नाही. मूळ सहीची प्रत फाइलला लागते आणि वाटायच्या प्रतींवर ‘सही/-’ छापतात. पुढे पालकांनी ‘आम्हाला कळवले नव्हते’ म्हटले, तर ही प्रत, जावक नोंद आणि परत आलेली संमतिपत्रे एकत्र पाहिली की काय कळवले, कधी आणि कोणापर्यंत पोहोचले, हे दाखवता येते.