झोप पुरते, तरी पेंग येते

अपुऱ्या झोपेचा थकवा काही रात्री पुरेशी झोप मिळाली की उतरतो. नार्कोलेप्सीत तो उतरत नाही. डुलकीने तरतरी येते, पण तासा-दोन तासांत पुन्हा डोळे मिटू लागतात. या आजाराच्या पहिल्या प्रकारात जाग टिकवणारे ओरेक्सिन हे रसायन बनवणाऱ्या मेंदूतील बहुतेक पेशी नष्ट झालेल्या असतात. त्यामुळे स्वप्नझोपेतले स्नायूंचे ढिलेपण जागेपणी घुसते: खळखळून हसताना गुडघे लटपटतात, मान लुळी पडते, शुद्ध मात्र पूर्ण असते. घरचे याला फिट समजतात. निदानासाठी रात्रभर झोप नोंदवून दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी डुलकी घ्यायला लावतात. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली आणि किमान दोनदा पंधरा मिनिटांत स्वप्नझोप आली, तर संशय पक्का होतो. एरवी ती सुमारे दीड तासाने येते. मात्र आधीचे काही दिवस जागरण झाले असेल, तर ही चाचणीही फसवते.