बांबूची परांची की स्टीलची? माणसं आणि माल चढवण्याआधी काय तपासायला हवं?

२६ नोव्हेंबर २०२५ रोजी हाँगकाँगच्या ताय पो भागातील वांग फूक कोर्ट या निवासी संकुलाला भीषण आग लागली. इमारतींची दुरुस्ती सुरू होती आणि त्यांच्याभोवती बांबूची परांची उभी होती. दीडशेहून अधिक माणसं दगावली. त्यानंतर सोशल मीडियावर एकच प्रश्न फिरू लागला: २१व्या शतकात बांबूची परांची कशाला हवी?

आगीपुरता हा प्रश्न रास्त आहे. बांबू जळतो, स्टील जळत नाही. पण परांची आगीशिवायही जीव घेते. ती कोसळते, झुकते, फळी तुटून माणूस खाली येतो. मुंबई-पुण्यात पावसाळ्याआधी सोसायट्यांच्या दुरुस्तीची कामं निघतात, तेव्हा हाच धोका दारात उभा असतो. आणि कोसळण्याच्या बाबतीत 'बांबू की स्टील' एवढ्यावर उत्तर संपत नाही.

दोन्हींत नेमका फरक काय?

बांबू हलका असतो, स्वस्त असतो आणि हवा तसा कापता येतो. गॅलरी, छज्जे, वळणं असलेल्या जुन्या इमारतीभोवती तो सहज बांधता येतो. याउलट ४ मिलिमीटर जाडीच्या सहा मीटर लांब स्टील पाइपचं वजन सुमारे २६ किलो भरतं.

बांबूची अडचण ताकदीपेक्षा खात्रीची आहे. एकाच मोळीतले दोन बांबू सारखे नसतात. एकाचं कवच जाड, दुसऱ्याचं पातळ, तिसऱ्याला आतून भुंग्याने पोखरलेलं. हाँगकाँगच्या नियमांत म्हणूनच जाड बांबूचा व्यास किमान ७५ मिलिमीटर आणि बारीक बांबूचा किमान ४० मिलिमीटर असावा, असं सांगितलेलं आहे. शिवाय बांबूचा सांधा दोरीवर अवलंबून असतो. काथ्याची किंवा सुंभाची दोरी पावसात भिजते, उन्हात सुकते आणि हळूहळू सैल पडते.

स्टीलचा पाइप कारखान्यात ठरावीक मापाने बनतो, त्यामुळे तो किती भार घेईल याचा हिशेब करता येतो. पण तो हिशेब सरळ, न गंजलेल्या पाइपचा आणि घट्ट आवळलेल्या क्लॅम्पचा असतो. वाकलेला पाइप किंवा आटे झिजलेला क्लॅम्प वापरला, की हिशेब कागदावरच राहतो. शिवाय स्टीलमधून वीज वाहते, त्यामुळे जवळून जाणारी उघडी तार जास्त घातक ठरते. ओला बांबूही याबाबतीत सुरक्षित मानता येत नाही.

परांची कोसळते तरी का?

कारणं दोन्हीकडे बहुतेक सारखीच असतात. पहिलं म्हणजे, उभा खांब मधून फाकतो. आडव्या जोडांमुळे खांब ठरावीक अंतरावर धरून ठेवलेला असतो. समजा, हे अंतर दोन मीटर आहे. खिडकीसमोर अडचण होते म्हणून कुणी मधला एक आडवा पाइप काढला, तर अंतर चार मीटर होतं. खांब तोच, पण त्याची भार घेण्याची ताकद निम्मी न होता जवळपास चौथाईवर येते. काढणाऱ्याला हे दिसत नाही, कारण परांची तशीच उभी असते.

दुसरं म्हणजे, परांची इमारतीपासून सुटते. अमेरिकेच्या नियमांनुसार पायाच्या रुंदीच्या चौपटीपेक्षा उंच परांची कुठेतरी बांधलेली असायलाच हवी. दुरुस्तीची परांची साधारण एक मीटर रुंद असते. म्हणजे चार मीटरच्या वर ती इमारतीला अडकवलेल्या आधारांच्या जोरावर उभी असते. त्यात बाहेरून हिरवी जाळी लावली की ती शिडासारखी वारा पकडते. प्लॅस्टर करताना आड येतात म्हणून नेमके हेच आधार काढले जातात आणि काम झाल्यावर परत लावायचे राहून जातात.

तिसरं कारण पायथ्याचं. खांब थेट मातीवर किंवा सुट्या विटांवर टेकवला असेल, तर पावसात तो खचतो. एक खांब खचला की त्याचा भार शेजारच्या खांबांवर जातो.

भार किती, हे कसं मोजायचं?

सर्वसाधारण दुरुस्तीच्या स्टील परांचीसाठी दर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भार धरण्याची पद्धत आहे. दोन खांबांमधला एक खण दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद असेल, तर त्यावर ४०० किलो, तेही सगळीकडे सारखं पसरलेलं.

आता हिशेब करून पाहू. हत्यारांसह दोन कामगार म्हणजे १६० किलो. सिमेंटच्या दोन गोण्या १०० किलो. ओल्या मालाची दोन घमेली सुमारे ६० किलो. एकूण ३२० किलो. म्हणजे तिसरा कामगार आला की मर्यादा गाठली.

दुरुस्तीच्या कामात मात्र सगळ्यात फसवा भार वर चढवावा लागत नाही, तो वरच तयार होतो. बाहेरच्या भिंतीचं २० मिलिमीटर जाडीचं जुनं प्लॅस्टर तोडलं, तर एका चौरस मीटरमागे सुमारे ४० किलो राडारोडा पडतो. दहा चौरस मीटर भिंत तोडून तो एकाच खणात साचू दिला, तर ४०० किलो तिथेच पुरे झाले. त्यावर उभ्या असलेल्या कामगारांचं वजन वेगळंच. म्हणून राडारोडा तोडता तोडता खाली उतरवायचा असतो, संध्याकाळपर्यंत साठवायचा नसतो.

बांबूच्या परांचीला असा खात्रीचा आकडा लावणं कठीण असतं. त्यामुळे तिचा वापर रंगकाम, किरकोळ दुरुस्ती अशा हलक्या कामापुरता ठेवणं आणि विटा, गोण्या तिच्यावर न साठवणं हाच शहाणपणा.

चढण्याआधी काय पाहायचं?

तपासणी खालून वर करायची. खांबाखाली बेसप्लेट आणि तिच्याखाली रुंद फळी आहे का, जमीन ओली किंवा खचलेली आहे का? खांब ओळंब्यात आहेत का? तिरके आधार खालपासून वरपर्यंत आहेत का? इमारतीला अडकवलेला प्रत्येक आधार जागेवर आहे का?

मग सांधे. स्टीलमध्ये क्लॅम्प पान्याने आवळून बघायचे. बांबूत उभी चीर, भुशासारखी पूड, काळे बुरशीचे डाग आणि सैल दोरी शोधायची. हातोडीने ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर तो बांबू बाजूला काढायचा.

शेवटी फळ्या. त्या पूर्ण रुंदीभर, न हलणाऱ्या आणि दोन्ही टोकांना टेकलेल्या हव्यात. बाहेरच्या बाजूला कमरेच्या उंचीचा कठडा आणि हत्यार खाली घरंगळू नये म्हणून पायाशी पट्टी हवी. चढायला शिडी हवी, खांबांवरून चढणं नव्हे.

ही तपासणी एकदाच करून भागत नाही. पहिल्यांदा वापरण्याआधी, जोरदार पाऊस-वाऱ्यानंतर आणि परांचीत काहीही बदल केल्यानंतर ती पुन्हा करावी लागते. ब्रिटनमध्ये दर सात दिवसांनी तपासणीचा नियम आहे. ती जाणकार माणसानेच करायची असते आणि तारखेसह लिहून ठेवायची असते.

सोसायटीच्या रहिवाशांना क्लॅम्प तपासता येणार नाहीत. पण ठेकेदाराकडे ही नोंद मागता येते. आपल्या खिडकीसमोरचा आधार गायब दिसला, किंवा फळीवर राडारोड्याचा ढीग दिसला, तर त्याच वेळी काम थांबवायला सांगताही येतं.