व्हिसासाठी बँकेचा दाखला मागताना



मुलगा लंडनला नोकरीला आणि आईवडिलांना दोन महिने भेटीला बोलावलेले, असे प्रसंग आता वडगाव निंबाळकर परिसरातही येतात. एजंट सांगतो, "बँकेचा शिल्लक दाखला आणि सहा महिन्यांचे स्टेटमेंट आणा." आपण बँकेत जाऊन तेवढेच मागतो आणि तिथेच फसतो.

शिल्लक दाखला एका तारखेची रक्कम सांगतो, पैसा कुठून आला ते सांगत नाही. व्हिसा अधिकारी ते खातेउताऱ्यात शोधतो. नोकरदाराचा पगार दर महिन्याला दिसतो, आपले ऊसबिल मात्र हंगामातच जमा होते. समजा ऊस जानेवारीत गेला, बिल फेब्रुवारीत जमा झाले आणि अर्ज सप्टेंबरात करायचा आहे. मार्च ते ऑगस्टच्या उताऱ्यात नुसता खर्चच दिसणार! त्यात पावण्याकडून हातउसने दोन लाख आणून भरले, तर ती एकच मोठी रक्कम संशयाला पुरते. ब्रिटनच्या भेटीच्या व्हिसाला सहा महिन्यांचेच स्टेटमेंट हवे असा नियम नाही, तो प्रघात आहे. म्हणून वर्षाचे मागावे.

दुसरी गोम सोसायटीच्या कर्जाची. १०० टनांचे ३,००० रुपये दराने ३ लाख झाले आणि १ लाख ८० हजार पीककर्जापोटी वळते झाले, तर खात्यात १ लाख २० हजारच दिसतात. त्यासाठी ऊसबिलाची पावती सोबत जोडावी. ती मराठीत असल्याने प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते. दाखलाही इंग्रजीतच मागावा.

बँकेला अर्ज असा लिहावा:

"मा. शाखाधिकारी यांस,
विषय: व्हिसासाठी शिल्लक दाखला व खातेउतारा मिळणेबाबत.
महोदय, माझे आपल्या शाखेत बचत खाते क्र. ____ आहे. ब्रिटनच्या व्हिसासाठी दि. ____ अखेरचा शिल्लक दाखला व त्याच तारखेपर्यंतचा १२ महिन्यांचा खातेउतारा बँकेच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, सही-शिक्क्यासह मिळावा. नाव पासपोर्टप्रमाणे लिहावे. पासपोर्टची प्रत सोबत आहे. लागणारे शुल्क खात्यातून वळते करावे. आपला विश्वासू, ____"

'त्याच तारखेपर्यंत' हे शब्द गाळू नयेत. दाखला सोमवारचा आणि उतारा शुक्रवारचा असला, मधे खतवाल्याचा चेक वटला, की दोन कागदांवर दोन आकडे येतात. नावाचेही तसेच. बँकेत 'डी. बी.' आणि पासपोर्टवर पूर्ण नाव असेल, तर आधी केवायसी अर्ज देऊन खात्यावरचे नाव दुरुस्त करावे, मगच दाखला घ्यावा. काउंटर सोडण्यापूर्वी शेवटची शिल्लक दोन्ही कागदांवर एकच आहे ना, हे पाहूनच निघावे.