बॉक्स क्रिकेटचे पत्रक आणि मौलानांचा प्रश्न

आमच्या मोहल्ल्यातल्या मुलांनी बॉक्स क्रिकेटची स्पर्धा ठरवली आणि पत्रक लिहून द्यायला माझ्याकडे आली. शाळेत मराठी आणि उर्दू शिकवतो, त्यामुळे लग्नपत्रिकेपासून तक्रार अर्जापर्यंत सगळे लिखाण माझ्याच वाट्याला येते. मी लिहून दिले : आठ संघ, प्रवेश फी 2000 रुपये, पहिले बक्षीस 5000, दुसरे 3000. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर वाटायला घेतले, तर मौलानांनी एक प्रत हातात घेऊन शांतपणे विचारले, "मास्टरसाहेब, हे पाच हजार येतात कुठून?"

हिशोब सरळ होता. आठ संघांचे 16000 जमणार. मैदान, चेंडू, पंच मिळून 8000 खर्च. उरलेल्या 8000 मधून बक्षिसे. म्हणजे हरणाऱ्याचे पैसे जिंकणाऱ्याच्या खिशात. मौलाना म्हणाले, "सगळ्यांनी पैसे लावायचे आणि जिंकेल त्याने न्यायचे, यालाच किमार म्हणतात." किमार म्हणजे जुगार. मुलांचा चेहरा पडला. "मग स्पर्धाच नको का?" एकाने विचारले. मौलाना हसले. खेळाला त्यांची हरकत नव्हती. फी खर्चापुरती घ्या आणि बक्षीस खेळणाऱ्यांपैकी नसलेल्या कुणीतरी स्वतःच्या पैशातून द्यावे, इतकेच त्यांचे म्हणणे होते. पुष्कळ उलेमांचे मत असेच आहे. तुमच्याकडे स्पर्धा असेल तर आपल्या मुफ्तीसाहेबांना आधी विचारून घ्या, पत्रक छापल्यानंतर नको.

मग आम्ही हिशोब नव्याने मांडला. बाद फेरीने आठ संघांचे सात सामने होतात : चार, मग दोन, मग एक. एका संघात सहा खेळाडू आणि दोन राखीव, डाव पाच षटकांचा. एक डाव साधारण वीस मिनिटांत आटोपतो. दोन डाव, नाणेफेक आणि मधली अदलाबदल धरून एका सामन्याला पन्नास मिनिटे ठेवली. टर्फ तासावर मिळते, आमच्याकडे तासाला 800. सात तासांचे 5600, दहा टेनिस चेंडूंचे 600, दोन पंचांचे 1200, पाणी आणि झेरॉक्सचे 600. बेरीज बरोबर 8000. आठाने भागले की प्रत्येक संघाला 1000, म्हणजे मुलामागे सव्वाशे. फी निम्म्यावर आली हे पाहून मुलांनाच आधी आनंद झाला. बक्षिसाचे 8000 मोहल्ल्यातल्या एका किराणा दुकानदाराने दिले. त्याचा स्वतःचा संघ नव्हता हे आम्ही मुद्दाम पाहिले. पैसे उरले तर आठही संघांना सारखे परत, ही ओळही पत्रकात घातली.

वेळापत्रकात पहिला विचार रात्रीचा होता. इशानंतर सुरू केले असते तर पहाट झाली असती आणि फजर गेली असती. म्हणून डिसेंबरातला रविवार घेतला. सकाळी सात ते अकरा पहिले चार सामने. त्यांना तीन तास वीस मिनिटे पुरतात. वरची चाळीस मिनिटे बरोबरी झाली तर सुपर ओव्हरसाठी आणि उशिरा येणाऱ्या संघासाठी. (उशिरा येणारा संघ असतोच.) जोहरनंतर अडीचला दोन्ही उपांत्य सामने, ते असरआधी संपतात. अंतिम सामना मगरीबनंतर पावणेसातला.

खरी भांडणे नियमांवरून होतात, कारण बॉक्सला जाळी असते आणि प्रत्येक टर्फवाल्याचा रिवाज वेगळा. ओळखीच्या एका टर्फवर जाळीला लागून आलेला झेल बाद धरतात, दुसरीकडे नाबाद. दोन गावांचे संघ समोरासमोर आले की दोघेही खरे बोलत असतात. म्हणून "नियम नेहमीप्रमाणे" असे पत्रकात कधी लिहू नका. आम्ही लिहिले : समोरच्या जाळीला थेट लागला तर सहा, टप्पा पडून लागला तर चार. बाजूच्या जाळीला लागला तर एक धाव, वर पळून काढलेल्या वेगळ्या. जाळीला लागून आलेला झेल नाबाद. छताच्या जाळीला लागला तर चेंडू मृत, धाव नाही. एका गोलंदाजाला एकच षटक. त्यामुळे यष्टिरक्षक सोडून पाचही जणांना चेंडू टाकावा लागतो आणि एकट्या वेगवान गोलंदाजावर संघ तरत नाही.

आणखी एक ओळ, जी पहिल्या मसुद्यात मी विसरलो होतो : आठही खेळाडूंची नावे फी भरतानाच द्यायची, एक खेळाडू एकाच संघात. नाहीतर सकाळी हरलेल्या संघाचा चांगला फलंदाज दुपारी दुसऱ्याच्या टी-शर्टमध्ये दिसतो.

नवे पत्रक घेऊन मुले मौलानांकडे गेली. त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचले आणि पेनाने एकच दुरुस्ती केली. अंतिम सामन्याच्या वेळेपुढे मी "सायंकाळी 6.45" लिहिले होते, त्यांनी कंसात "मगरीबची जमात झाल्यावर" असे लिहून दिले.